ब्रॅकेटचं वेल्डिंग: ड्रॉइंगवर ६ मिमी, तपासणारा म्हणतो १० मिमी. चार मिमीचा फरक आला कुठून?

शिरोलीकर

मंडळी, आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. सध्या एका मेझनाइनचे ब्रॅकेट करतोय. आयएसएचबी ३०० कॉलम, त्याच्या फ्लँजवर १२ मिमीची प्लेट लॅप करून बसवायची. प्लेटची उंची २०० मिमी, फ्लँजवर चढते १५० मिमी. वेल्डिंग तीन बाजूंनी: वरची कड १५०, खालची कड १५० आणि मागची उभी कड २००. फिलेटच. बीमचा भार फ्लँजच्या कडेपासून २०० मिमी बाहेर येतो. गुणक धरून एका प्लेटवर १०० किलोन्यूटन.

डिझाइनरने ड्रॉइंगवर ६ मिमी लेग दिलाय. मालकाने नेमलेल्या तपासणाऱ्या कन्सल्टंटने लाल पेनाने १० केलंय. दोघांकडे गणित आहे, दोघेही आयएस ८०० च वापरतात. ६ म्हणजे एका रनचं काम, १० म्हणजे तीन रन. रेट ६ वर दिलाय, त्यामुळे माझा जीव टांगणीला. खरं कोणाचं?

खटपट्या

साधं आहे की. एकूण वेल्ड ५०० मिमी. ६ चा थ्रोट ४.२. म्हणजे २१०० चौमिमी. १ लाख न्यूटन भागिले २१०० म्हणजे ४८. वर्कशॉप वेल्डला १८९ चालतो. चौपट जागा आहे. १० वाला उगाच घाबरवतोय.

रेणुका

@खटपट्या, हा फक्त सरळ शिअर झाला. भार वेल्डच्या मधून जात नाहीये, बाहेर लटकतोय, तेव्हा प्लेट फ्लँजवर फिरायला बघणार. खरी मजा त्या पिळात आहे. सरळ भाग इथे त्यातला लहान भाऊ आहे.

मी हे रोज करते, म्हणून मांडून दाखवते. थ्रोट आत्ता बाजूला ठेवते आणि वेल्डला नुसती रेघ धरते. मग उत्तर दर मिमी रेघेला किती न्यूटन असं येतं, आणि शेवटी साइज ठरवता येतो.

तीन रेघांचा सेंट्रॉइड मागच्या उभ्या वेल्डपासून ४५ मिमीवर येतो. म्हणजे फ्लँजच्या कडेपासून आत १०५ मिमी. डिझाइनरकडे जाऊन एकच विचारा: भाराचं अंतर कुठून मोजलंत? मला दाट शंका आहे की त्यांनी २०० धरलंय, कारण ड्रॉइंगवर तोच आकडा लिहिलेला असतो. पीळ सेंट्रॉइडभोवती बसतो, त्यामुळे अंतर २०० अधिक १०५, म्हणजे ३०५ हवं. दीडपट झालं!

शिरोलीकर

आत्ताच शीट उघडली. ई = २०० लिहिलंय. पण त्याने उत्तर किती बदलतं?

रेणुका

बघा. या आकाराचा पोलर मोमेंट काढायला एक ओळ पुरते:

```
Ip = (8*b^3 + 6*b*d^2 + d^3)/12 - b^4/(2*b + d)
b = 150, d = 200  ->  Ip = 4904167 mm^3
```

आता सगळ्यात दूरचा बिंदू म्हणजे आडव्या वेल्डचं बाहेरचं टोक, फ्लँजच्या कडेजवळचं. सेंट्रॉइडपासून ते आडवं १०५ आणि उभं १००. पीळ १,००,००० गुणिले ३०५. त्याला आयपीने भागलं की ६.२२ येतात. याला उभ्या-आडव्या अंतरांनी गुणायचं, फक्त उलटापालट करून: आडव्या अंतराने उभं बल मिळतं, उभ्या अंतराने आडवं.

त्या टोकाला पिळाचं उभं बल ६५३, आडवं ६२२. सरळ शिअर २००, तोही खालीच. उभे दोन एकाच दिशेचे, म्हणून ८५३. मग ८५३ आणि ६२२ चं परिणामी बल १०५६ न्यूटन प्रति मिमी.

वर्कशॉप वेल्डला १८९ ने भागा: थ्रोट ५.६, लेग ८ मिमी. साइटवर वेल्ड करणार असाल तर गुणक १.२५ चा १.५ होतो, मर्यादा १५८ वर येते, थ्रोट ६.७ आणि लेग साडेनऊच्या वर. म्हणजे १०.

आणि ई २०० धरला तर? परिणामी बल ७४९, थ्रोट ३.९६, लेग ६. तुमच्या डिझाइनरचा सहा तिथून आलाय आणि कन्सल्टंटचा दहा साइटच्या गुणकातून. दोघांच्या मधे तो आठ लपलाय.

कोनमापक

रेणुकाताईंशी बहुतांशी सहमत, पण शेवटची पायरी लांबवलीत. आम्ही शिकलो ते असं: पिळाचा ताण आर गुणून काढा, सरळ ताण वेगळा काढा, दोघांचा वर्ग करून बेरजेचं मूळ. इथे आर १४५, पिळाचे ९०२, सरळ २००, मूळ आलं ९२४. लेग ७ मध्ये बसतो. १०५६ कशाला?

जुना स्टीलवाला

कोनमापक, तुमचं नावच तुमच्या विरुद्ध साक्ष देतंय. वर्ग-बेरीज-मूळ चालतं ते दोन बलं काटकोनात असतील तर. टोकाला पिळाचं बल सेंट्रॉइडकडून येणाऱ्या रेषेला काटकोनात असतं, सरळ शिअर मात्र खाली. त्या दोघांमधला कोन ९० नाही, त्याचा कोसाइन १०५ भागिले १४५, म्हणजे ०.७२. हा कोन घेऊन सूत्र लिहिलंत की तुमचाही आकडा १०५६ वरच पोहोचतो. कोन सोडलात म्हणून १३२ न्यूटन हवेत गेले, साडेबारा टक्के.

तुमचा नियम खोटा नाही, जागा चुकली. प्लेट कॉलमवर काटकोनात उभी असते, म्हणजे भार वेल्डच्या पातळीच्या बाहेर काम करतो, तेव्हा वाकण्याचा ताण पातळीला लंब आणि शिअर पातळीतला. तिथे ते खरेच काटकोनात असतात आणि तुमचं मूळ बरोबर येतं. अशी उदाहरणं पुस्तकात शेजारी-शेजारी छापलेली असतात, त्यामुळे गल्लत होते. मुलाखतीत मी हाच प्रश्न विचारायचो.

आणखी एक बघा, रेणुका बोलली नाही. मागच्या उभ्या वेल्डवर पीळ उलटा म्हणजे वर ढकलतो, २८० ने. सरळ शिअर २०० ने खाली. उरले ८०, तेही वर. मागचा वेल्ड म्हणजे भार पेलणारा नाहीच, तो प्लेटची शेपूट दाबून धरतोय.

सदा_सर्वदा

माझाही सेम प्रॉब्लेम! गच्चीवर एसीचा आउटडोअर युनिट ठेवायला कॉलमला अँगलचा ब्रॅकेट वेल्ड केला होता, वरचा वेल्ड सुटून पुढे झुकलाय. वेल्डरने ३ मिमी मारलं होतं बहुतेक. मी पण १० मिमी मारू का?

रेणुका

@सदा_सर्वदा, तुमचा ब्रॅकेट भिंतीतून बाहेर येतोय ना? म्हणजे तो कॉलमला चिकटून सपाट नाही. तुमच्याकडे पीळ नाही, वाकणं आहे; वरचा वेल्ड ओढला गेला. वर स्टीलवाल्यांनी जो दुसरा प्रकार सांगितला, तो तुमचा. आणि ३ मिमीच्या टाक्याला साइज म्हणत नाहीत. युनिट उतरवून नीट खालून स्ट्रट द्या, फक्त वेल्ड जाड करून भागणार नाही.

सदा_सर्वदा

धन्यवाद ताई. युनिट कुठे ठेवायचा तोपर्यंत ते कोणी सांगेल का

अप्पा_वेल्डर

गणित तुमचं. मी हातातलं सांगतो.

तुम्ही १५० मिमी धरताय ना वरचा वेल्ड, तो १५० पूर्ण होत नाही. फ्लँजच्या कडेपर्यंत आर्क नेली की कड वितळते, तिथे खाच पडते. चांगला वेल्डर कडेच्या आधी साइज एवढं अंतर सोडतो. तुम्ही ८ मिमी सांगितलात तर ८ मिमी आधी थांबणार. तुमच्या गणितात सगळ्यात जास्त ताण ज्या टोकाला येतो म्हणताय, तिथे वेल्डच नसतो!

आणि थांबतो तिथे क्रेटर राहतो. रॉड झटकन उचलला की मधे खळगा, त्यातूनच चीर निघते. म्हणून टोकापासून सुरू करून मागच्या कोपऱ्याकडे जावं, कोपरा न थांबता वळवावा. दोन्ही आडवे वेल्ड टोकाकडून मागे. कोपऱ्यात रॉड बदलू नका.

खटपट्या

अप्पा, मग टोकाला वळवून प्लेटच्या मागे का नाही नेत? एंड रिटर्न म्हणतात ना, कोडमध्येही साइजच्या दुप्पट दिलाय.

अप्पा_वेल्डर

वळवणार कुठे? प्लेट तर पुढे तशीच जातेय. वळवायचं म्हटलं तर फ्लँजच्या कडेवर, प्लेटच्या मागच्या बाजूला जावं लागेल. मग एक वेल्ड या बाजूने, दुसरा त्या बाजूने आणि मधला कोपरा जळणार. तो कोपरा उघडाच ठेवायचा असतो.

जुना स्टीलवाला

अप्पांना शंभरपैकी शंभर. रिटर्न मागच्या कोपऱ्यात, जिथे प्लेट संपते. पुढे नाही.

आणि अप्पांचा मुद्दा आकड्यात घाला. रेणुका, जमेल?

रेणुका

हो, घालते. ८ मिमी लेग, दोन्ही टोकांना ८-८ मिमी वजा. आडवी लांबी १४२. सेंट्रॉइड मागे सरकतो, ४५ चा ४१.७ होतो, वेल्डचं टोक भारापासून २०८ वर जातं, म्हणून ई ३०८. आयपी ४५.७५ लाखांवर उतरतो. परिणामी बल १०५६ वरून १११० च्या थोडं वर. थ्रोट ५.६ ने भागलं की १९८.

मर्यादा १८९. म्हणजे कागदावर ८ मिमी १८८.५ ने कसाबसा बसत होता, कडेचे आठ मिमी वजा केले की वर्कशॉपमध्ये केला तरी पाच टक्क्यांनी नापास.

शिरोलीकर

म्हणजे १० च करावा लागणार? प्लेट १२ ची आहे, १० मारता येईल?

जुना स्टीलवाला

मारता येतो. चौकोनी कडेला प्लेटच्या जाडीतून दीड मिमी वजा, म्हणजे साडेदहापर्यंत मुभा आहे. पण १० ला धातू बघा. फिलेटचा छेद त्रिकोण, लेगच्या वर्गावर वाढतो: ८ ला ३२ चौमिमी, १० ला ५०. उष्णताही तशीच, आणि तुमचा १२ चा तुकडा फ्लँजवर वाकून उठेल.

मी वेगळं सुचवतो. वेल्ड जाड करण्याऐवजी प्लेट उंच करा. २०० ची २५०. आडवे वेल्ड सेंट्रॉइडपासून लांब गेले की पिळाला विरोध झपाट्याने वाढतो, कारण त्यांच्या योगदानात अंतराचा वर्ग असतो. तुमच्या आयपीतले ४९ लाखांपैकी जवळपास ३८ लाख त्या दोन आडव्यांचेच आहेत. उभा २०० मिमी वेल्ड फक्त ११ लाख देतो.

रेणुका

करून बघितलं. २५० उंची, आडवी १४२, टोकं वजा करूनच. आयपी ६८.९ लाख, परिणामी बल ८७०. ८ मिमी लेगला ताण १५५. साइट वेल्डची मर्यादा १५८. म्हणजे साइटवर मारलात तरी ८ मिमी पास, काठावर का होईना. वेल्ड धातू १० मिमी आणि २०० उंचीपेक्षा ३० टक्के कमी लागेल, मी पूर्ण ५०० आणि ५५० मिमी लांबी धरून तुलना केली.

मागचा उभा वेल्ड काढूनच टाकला तर? मूळ उंचीत, टोकं वजा न करता, १०५६ चे ११९५ होतात. २०० मिमी वेल्डच्या बदल्यात फक्त तेरा टक्के. मला स्वतःला हे बघून नवल वाटलं.

कोनमापक

मग काढून टाका की! वेल्डर खूश.

जुना स्टीलवाला

नको. तो काढला की प्लेटच्या मागची फट उघडी राहते, पाणी आत जातं, वर्षा-दोन वर्षांत गंज फुगून प्लेट उचलते. आपल्या पावसात तर नक्कीच. शिवाय कोपरा वळवायची जागा जाते, म्हणजे आता चार टोकं, चार क्रेटर.

उंची वाढवायचं आणखी एक कारण आहे, तुम्ही सगळे वेल्डमागे लागलात म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. १२ × २०० ची प्लेट, फ्लँजच्या कडेला तिच्यात २० किलोन्यूटन मीटर वाकणं. टोकाच्या तंतूत २५० ताण येतो. ई२५० प्लेटची यील्ड तेवढीच! प्लास्टिक क्षमता धरून कोडमध्ये बसवता येईल, पण एवढी खेचायची गरज काय? २५० उंचीला तोच ताण १६० होतो. वेल्डचं भांडण मिटवताना प्लेटचं फुकटात मिटतं.

मिलिंद_ह्यूस्टन

उशिरा आलो. इथे आम्ही ही पद्धत वापरतच नाही फारशी. तुमची इलॅस्टिक पद्धत प्रत्येक मिमी वेल्डला सारखाच मजबूत मानते. खरं म्हणजे वेल्डच्या लांबीला आडवं बल आलं की फिलेट दीडपट घेते, लांबीच्या दिशेने आलं की कमी. एआयएससीमध्ये तात्कालिक केंद्र धरून टेबलं दिलेली आहेत, तिथून एक गुणांक उचलायचा, झालं. त्यात तुमचा २०० उंचीचा ब्रॅकेट बहुतेक ८ मध्ये सहज निघेल. तुम्ही दहा-वीस टक्के फुकट घालवताय.

जुना स्टीलवाला

मिलिंदराव, तुमचं शास्त्र मान्य. पण ती टेबलं त्या देशाच्या इलेक्ट्रोडच्या ताकदीवर आणि तिथल्या गुणकांवर बसवलेली आहेत. अर्धं तिकडचं सूत्र आणि अर्धी आमची १८९ ही मर्यादा, असा मिलाफ करून कुठलाच भरवसा उरत नाही. करायचं तर सगळं तिकडचं करा.

आणि त्या दीडपटीची दुसरी बाजूही सांगा: आडव्या बलाखाली वेल्ड मजबूत असतो, पण कमी ताणतो. कमी लवचीक वेल्ड आधी तुटतो आणि बाकीच्यांना ताकद दाखवायची संधीच मिळत नाही. म्हणून टेबलात विकृतीची मर्यादाही धरलेली असते. आमचा गडी वर्ग करून मूळ काढताना कोन विसरतो, तिथे हे आणखी कशाला?

मिलिंद_ह्यूस्टन

विकृती मर्यादा टेबलातच आहे, वापरणाऱ्याला काही करावं लागत नाही. आणि "गडी विसरतो" हा काही अभियांत्रिकी मुद्दा नाही. असहमतीवर सहमत होऊ.

अप्पा_वेल्डर

तुमचं भांडण चालू द्या. शिरोलीकर, एक बघून घ्या. कॉलमचा फ्लँज अगदी सपाट नसतो. प्लेट ठेवून खालून फीलर घाला. दोन मिमी फट असेल आणि तुम्ही ८ चा लेग मारलात तर तो खरा ६ चाच झाला, कारण दोन मिमी फटीतच गेले. फट दीड मिमीच्या वर असेल तर तेवढा लेग वाढवायचा. क्लॅम्पने दाबून टाका आधी, मग टाके.

आणि गेज लावताना फक्त लेगचं माप घेऊ नका. पोट आत गेलेला वेल्ड लेग आठ दाखवतो आणि मधे थ्रोट पाच. गेजवर थ्रोटचं टोक वेगळं असतं, ते लावा. त्या बाहेरच्या टोकाजवळ दोन-तीन ठिकाणी तरी.

शिरोलीकर

कन्सल्टंटशी बोललो. २५० उंचीला आणि ८ मिमीला तत्त्वतः हो म्हणालेत. अट अशी की थ्रोटचं माप प्रत्येक ब्रॅकेटचं लिहून द्यायचं, आणि वेल्ड फ्लँजच्या कडेआधी ८ मिमी थांबतो असं ड्रॉइंगवर दाखवायचं. डिझाइनरला ई विचारला तर म्हणाला "फेसपासूनच घेतात". अजून मानायला तयार नाही.

आता प्लेट कापून झालीत २०० च्या. बारा आहेत. ५० मिमीची पट्टी बट वेल्ड करून वाढवली तर चालेल का?

जुना स्टीलवाला

जोड आडवा येणार, प्लेटच्या लांबीच्या दिशेने, बरोबर? मग वाकण्याचा ताण त्याच्या लांबीनेच जातो, हे बरं आहे. पण पूर्ण भेद वेल्ड, कड घासून सपाट आणि अल्ट्रासॉनिक चाचणी हवी. त्या तीन गोष्टींच्या खर्चात नवी प्लेट येते का ते आधी बघा.

रेणुका

आणि पट्टी लावलीच तर खालच्या कडेला लावा, वरच्या नाही. वरची कड ताणात असते.

खटपट्या

बारा प्लेटांचं काय करायचं मग? मला द्या, गेटला लागतात.